झॉम्बी धावू लागला तेव्हा

झॉम्बीपटाचे चाहते एका प्रश्नावर तासन्‌तास वाद घालतात: झॉम्बी संथ असावा की वेगवान? या प्रश्नाचं खरं उत्तर कथेतल्या जिवंत माणसांकडे पाहिल्यावर सापडतं. त्यांना विचार करायला किती वेळ मिळतो, हे झॉम्बीचा वेग आणि संसर्गाचा नियम ठरवतात. वेळ किती मिळाला यावर माणसं कशी वागतात हे ठरतं आणि लेखकाला तेच दाखवायचं असतं. म्हणूनच नवी कथा नवे नियम घेऊन येते.

आज आपण ज्याला झॉम्बी म्हणतो, त्याचे नियम मुख्यतः १९६८ साली पक्के झाले. त्याआधीच्या चित्रपटांतला झॉम्बी हैतीच्या लोकसमजुतीतून आलेला होता. तो मांत्रिकाचा गुलाम असे, माणसं खात नसे आणि त्याच्यापासून कुणाला लागण होत नसे. जॉर्ज रोमेरो या अमेरिकन दिग्दर्शकाने 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये हे सगळं बदललं. नुकतेच मेलेले लोक उठतात, जिवंतांना खातात, अडखळत चालतात आणि मेंदूवर घाव बसला तरच थांबतात. ज्याला चावा बसतो तो आजारी पडून मरतो आणि मग उठतो.

या संथपणाचा परिणाम पाहा. काही माणसं एका शेतघरात अडकली आहेत. बाहेरची प्रेतं हळू चालत असल्यामुळे बेन नावाच्या तरुणाला दारं-खिडक्यांवर फळ्या ठोकायला सवड मिळते. पण तेवढीच सवड भांडायलाही मिळते. हॅरी कूपर म्हणतो, तळघरात जाऊन दार लावून घेऊ. बेन म्हणतो, तळघराला दुसरी वाट नाही, ते पिंजऱ्यासारखं होईल. या वादात रात्र सरते. तळघरात कूपरची चावा बसलेली मुलगी तापाने फणफणून पडलेली असते. आईबापांना तिला सोडवत नाही, कारण ती अजून त्यांची मुलगीच आहे. अखेर ती मरते, उठते आणि आईलाच मारते. संसर्ग काही सेकंदांत झाला असता, तर माया आणि धोका एकाच खाटेवर असे तासभर राहिले नसते.

बेन रात्रभर तगतो, तोही शेवटी त्याच तळघरात शिरून. सकाळी सशस्त्र लोकांची टोळी येते आणि तो झॉम्बी आहे असं समजून त्याला लांबूनच गोळी घालते. बेनची भूमिका कृष्णवर्णीय नट डुएन जोन्स याने केली होती. वर्णद्वेषाने धुमसणाऱ्या त्या वर्षी अमेरिकन प्रेक्षकाला या गोळीचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही.

२००२ साली डॅनी बॉयल दिग्दर्शित, ॲलेक्स गार्लंड लिखित '२८ डेज लेटर' या ब्रिटिश चित्रपटाने तिन्ही नियम फिरवले. इथले बाधित मेलेलेच नाहीत. प्रयोगशाळेतून सुटलेल्या विषाणूने त्यांना संतापाने वेडं केलं आहे. ते जीव तोडून धावतात. रक्त किंवा लाळ शरीरात गेली की दहा-वीस सेकंदांत माणूस पालटतो. इथे वाद घालायला आणि निरोप घ्यायला वेळच नाही. मार्क नावाच्या सोबत्याच्या हातावर जखम दिसताच सेलेना त्याला तिथल्या तिथे कापून काढते. ती क्रूर नाही. नियमच असा आहे की थांबणारा मरतो.

याच चित्रपटातला फ्रँकचा प्रसंग या नियमाची धार दाखवतो. एका मोकळ्या नाक्यावर उंचावर पडलेलं प्रेत कावळा टोचत असतो. फ्रँक वैतागून कावळ्याला हुसकावतो, वर बघतो आणि रक्ताचा एक थेंब त्याच्या डोळ्यात पडतो. काय झालंय हे त्याला क्षणात कळतं. तो मुलीला, माझं तुझ्यावर प्रेम आहे, असं सांगतो आणि लगेच ओरडून तिला दूर राहायला बजावतो. बापाला एवढाच अवधी मिळतो. रोमेरोच्या कथेत हाच प्रसंग रात्रभर चालला असता.

पण वेग वाढवला की लेखकाला दुसरीकडे आवर घालावा लागतो, नाहीतर कुणी वाचणारच नाही. '२८ डेज लेटर'चे बाधित जिवंत असल्यामुळे उपाशी मरतात. म्हणजे तग धरला तर संकट संपू शकतं. शिवाय वीस सेकंदांत पालटणारा माणूस विमानात बसून दुसऱ्या देशात पोचणं अवघड, म्हणून ही साथ एका बेटावर कोंडता येते. जगभर साथ पसरवायची तर लागण झालेल्या माणसाला काही काळ धडधाकट दिसावंच लागतं. मॅक्स ब्रूक्सच्या 'वर्ल्ड वॉर झी' या २००६ च्या कादंबरीत झॉम्बी संथ आहेत आणि लागण सावकाश चढते, त्यामुळे पळून जाणारे निर्वासितच ती देशोदेशी नेतात. २०१३ च्या चित्रपटात मात्र झॉम्बी धावतात आणि माणूस दहा-बारा सेकंदांत पालटतो. त्यातून एक जबरदस्त प्रसंग मिळाला: जेरूसलेममध्ये एका सैनिक तरुणीच्या हाताला चावा बसतो, नायक तो हात तोडतो आणि ती पालटते का हे पाहत सेकंद मोजतो. पण इतक्या झटपट पालटणाऱ्या लोकांमुळे साथ जगभर पसरली कशी, हे पटवताना त्याच चित्रपटाची दमछाक होते आणि काही ठिकाणी हा अवधी लांबवावा लागतो.

हा तोल सर्वांत सुंदर साधला तो येऑन सांग-हो यांच्या 'ट्रेन टू बुसान' या २०१६ च्या कोरियन चित्रपटाने. झॉम्बी सुसाट आहेत, पण त्यांना दार सरकवता येत नाही आणि काळोखात दिसत नाही. एक गर्भवती स्त्री काचेवर पाणी मारून वर्तमानपत्र चिकटवते, तसे पलीकडचे झॉम्बी शांत होतात. गाडी बोगद्यात शिरली की नायक आणि सोबती सामानाच्या फळ्यांवरून सरपटत पुढचा डबा गाठतात. मात्र पलीकडच्या डब्यातले जिवंत प्रवासी, लागणीच्या भीतीने, त्यांच्यासाठी दार उघडत नाहीत. झॉम्बीला जे दार उघडता येत नाही ते माणूस उघडत नाही, यातच या कथेचं मर्म आहे. शेवटी बुसानजवळच्या अंधाऱ्या बोगद्यातून दोन आकृत्या येताना दिसतात. सैनिक नेम धरतात, पण लहान मुलीचं गाणं ऐकू येतं आणि गोळी थांबते. बेनच्या वाट्याला ही संधी आली नव्हती.

आपल्याकडेही २०२२ च्या 'झोंबिवली'ने डोंबिवलीतले टॉवर, शेजारची झोपडपट्टी आणि पाण्याचा प्रश्न या साच्यात बसवला, तो याच जाणिवेतून: साथीचा नियम समाजाची भेग दाखवू शकतो.

म्हणून झॉम्बी धावतो की चालतो यावरून कथेला खरी-खोटी ठरवू नये. पुढचा झॉम्बीपट पाहताना तीन गोष्टी तपासा: माणसांना वेळ किती मिळाला, तो त्यांनी कशात घालवला आणि कथेने आपलाच नियम शेवटपर्यंत पाळला का? जी कथा सोयीसाठी मध्येच नियम मोडते ती फसते, मग तिचा झॉम्बी कितीही भयंकर दिसो.