तप्त लोखंड, गार पाणी

समजा, २०० ग्रॅम वजनाचा लोखंडी ठोकळा तुम्ही उकळत्या पाण्यात ठेवून १०० अंश सेल्सियसपर्यंत तापवलात आणि उष्णतारोधक भांड्यातील २५ अंशांच्या २०० ग्रॅम पाण्यात सोडलात. शेवटी तापमान किती होईल? दोहोंचे वजन सारखे, तेव्हा साडेबासष्ट अंश, असे उत्तर तुम्ही चटकन द्याल. प्रत्यक्षात तापमापीतील पारा ३२ च्या आसपास थांबतो!

असे का? १ ग्रॅम पाणी १ अंशाने तापवायला १ कॅलरी लागते; लोखंडाला अवघी ०.११ कॅलरी पुरते. म्हणजे उष्णतेच्या हिशेबात आपला ठोकळा केवळ २२ ग्रॅम पाण्याइतका! उष्णता बाहेर जात नसेल, तर ठोकळा जेवढी गमावील तेवढीच पाणी मिळवील. अंतिम तापमान ‘त’ मानू.

२२ × (१०० − त) = २०० × (त − २५)

यावरून २२२ त = ७२००, म्हणून त = ३२.४ अंश.

अर्थात, भांडेही तापते. ते १०० ग्रॅम तांब्याचे असेल, तर सुमारे ९ ग्रॅम पाण्याइतके धरावे. २०० ऐवजी २०९ घेतल्यास उत्तर ३२.१ येते.

प्रयोगात तापमान याहून जास्त भरले, तर ठोकळ्याला उकळते पाणी चिकटून आले असावे. असे १ ग्रॅम पाणीसुद्धा तापमान ०.३ अंशाने वाढवते. म्हणून प्रयोगशाळेत ठोकळा पाण्यात न बुडवता वाफेच्या आवरणात कोरडाच तापवतात.

लालबुंद ठोकळ्याला मात्र हे समीकरण लावू नका. तो पाण्यात पडताच चर्र आवाज होतो, आणि वाफ होऊन उडालेले प्रत्येक ग्रॅम पाणी सुमारे ५४० कॅलरी घेऊन निघून जाते.