चाळीस दिवस, चाळीस अध्याय

राखेच्या बुधवारी चर्चमध्ये कपाळावर राखेचा क्रूस काढला जातो आणि लेंट, म्हणजेच ख्रिस्ती उपवासकाळ, सुरू होतो. तिथपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर दिवस ४६ भरतात. त्यातले सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात. रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून त्या दिवशी उपास नाही.

या चाळीस दिवसांसाठी एक साधा क्रम आहे. मार्कच्या शुभवर्तमानात १६ अध्याय आहेत आणि लूकच्या २४. रोज एक अध्याय, रविवारी सुट्टी, असे वाचत गेले की दोन्ही पुस्तके बरोबर चाळिसाव्या दिवशी संपतात. पण यातली खरी गंमत वारांमध्ये आहे. मार्कमधले शेवटचे भोजन चौदाव्या दिवशी, गुरुवारी येते. क्रूसावरचे मरण शुक्रवारी आणि रिकामी कबर शनिवारी. पुढे लूकचा बाविसावा अध्याय, म्हणजे पुन्हा शेवटचे भोजन, पवित्र गुरुवारीच वाचायला येतो आणि तेविसावा, वधस्तंभाचा, नेमका उत्तम शुक्रवारी. चोविसाव्यात पुनरुत्थान आहे, तो शनिवारी रात्री वाचावा. उजाडते ते ईस्टरच.

अध्याय सकाळी, मोठ्याने वाचावा. बहुतेक अध्यायांना दहा मिनिटे पुरतात. लूकचा पहिला अध्याय ८० ओव्यांचा आहे, तो सकाळ-संध्याकाळ विभागून घ्यावा. जुन्या भाषांतराची भाषा अडत असेल, तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ हाताशी ठेवावे. वाचून झाल्यावर मनात राहिलेले एक वाक्य वहीत उतरवावे. एकच.

आता उपास. कॅथलिक नियमाप्रमाणे १८ ते ५९ वर्षांच्या निरोगी माणसाने राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी एकदाच पोटभर जेवायचे असते. आणखी दोनदा थोडे खाता येते, पण ते दोन्ही मिळून एका जेवणाइतके होता कामा नये. शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात. हा किमान नियम झाला. आपल्या क्रमासाठी दर बुधवारी आणि शुक्रवारी दुपारचे जेवण सोडावे, पाणी मात्र पीत राहावे. त्या जागी साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर पदार्थ बदलतो, भूक उरत नाही. आणि इथे काम भुकेचेच आहे. मधुमेही, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका आणि आजारी माणसे यांनी जेवण सोडू नये. चहातली साखर किंवा संध्याकाळचा टीव्ही सोडावा. वाचलेल्या जेवणाचे पैसे डब्यात टाकावेत आणि शेवटी एखाद्या गरजू घरी द्यावेत.

सुटलेल्या जेवणाची वेळ मध्यस्थीसाठी, म्हणजे दुसऱ्यासाठी प्रार्थना करण्यासाठी, वापरावी. इतर दिवशी ती रात्री करावी. एका दिवशी फार तर तीन नावे घ्यावीत. नाव घ्यायचे, त्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा आणि दोन मिनिटे काही न बोलता त्याला देवापुढे धरून ठेवायचे. काय व्हावे हे देवाला समजावून सांगत बसायचे नाही.

नवव्या दिवसाचे उदाहरण घेऊ. तो शुक्रवार असतो आणि वाचन मार्कच्या नवव्या अध्यायाचे. त्यात एक बाप झटके येणाऱ्या मुलाला घेऊन येतो. शिष्यांना जमत नाही. आपला विश्वास कमी पडतो, हे बाप येशूपाशी रडून कबूल करतो आणि तरीही मुलगा बरा होतो. असले दुखणे कशाने निघते, असे शिष्य नंतर विचारतात. सर्वांत जुन्या काही हस्तलिखितांत येशूच्या उत्तरात फक्त प्रार्थना आहे. पुष्कळ हस्तलिखितांत तिच्या जोडीला उपवासही आहे. त्या दुपारी ताट न वाढता बसावे आणि घरातल्या किंवा शेजारच्या एका आजारी लेकराचे नाव घ्यावे. पोटात कालवते तेव्हा मन वळवून पुन्हा त्या नावावर आणावे. संध्याकाळी त्याच्या आईला फोन करावा.

हा क्रम कुठे बिघडतो? नावांची यादी वाढत जाते आणि प्रार्थनेची हजेरी होते. काल कोणासाठी प्रार्थना केली हे आज आठवत नसेल, तर नावे कमी करावीत. दुसरी खूण घरात दिसते: उपासाच्या दिवशी चिडचिड वाढली, तर उपास थोडा हलका करावा आणि ज्याच्यावर राग निघाला त्याचेच नाव दुसऱ्या दिवशी घ्यावे. एखादा दिवस चुकला, तर तो अध्याय रविवारी वाचून घ्यावा. पुढचे दिवस सरकवू नयेत, नाहीतर गुरुवार-शुक्रवारचा मेळ मोडतो.

राखेच्या बुधवारच्या आदल्या रात्री वहीत चाळीस आकडे लिहा आणि पहिल्यापुढे एक नाव लिहून ठेवा. बाकीची नावे वाचता वाचता सुचतील.