देठ काळा की फळाला भोक?

भाद्रपदातली सकाळ. रात्रभर पाऊस झालेला, आणि वरूडच्या एखाद्या संत्राबागेत झाडाखाली हिरव्या फळांचा सडा पडलेला. आंबिया बहाराचं हे फळ तोडणीला यायला अजून दोन महिने आहेत. बागवाला एक फळ उचलतो, उलटंपालटं करून पाहतो आणि खिशातून मोबाइल काढतो. ‘संत्रा फळगळ उपाय’ एवढं टाइप केलं की पडद्यावर व्हिडिओंची रांग लागते. ‘गळ 100% बंद!’, ‘फक्त ही एक फवारणी करा’, ‘शेतकऱ्यांनो सावधान!’ अशा धाटणीची शीर्षकं, बाजूला पिकलेल्या, केशरी फळांनी लगडलेलं एखादं झाड आणि त्यावर लाल बाण.

तो त्यातल्या एकावर बोट ठेवतो. दुपारपर्यंत कृषी सेवा केंद्रातून औषध आलेलं असतं, संध्याकाळी फवारणी सुरू होते. शीर्षकाने फसवलं तर सिनेमाच्या प्रेक्षकाची दहा मिनिटं जातात. इथे औषधाचे, मजुरीचे आणि पंपाच्या डिझेलचे पैसे जातात, शिवाय हातातले चार दिवसही जातात. शेतीवरच्या व्हिडिओचं शीर्षक आणि थंबनेल, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारं ते छोटं चित्र, कसं असावं हा प्रश्न म्हणूनच बागेतून सोडवायला हवा.

सुरुवात ‘100%’ या आकड्यापासून करू. संत्र्याच्या झाडाला जेवढी फुलं येतात, त्यातली अगदी मोजकी फळापर्यंत पोचतात. बाकीची झाड स्वतःच टाकून देतं. तेव्हा गळ पूर्ण थांबवण्याचं वचन झाडाच्या स्वभावालाच धरून नाही. ‘एक फवारणी’ हे वचनही टिकत नाही, कारण गळीची कारणं वेगवेगळी आहेत. पाण्याचा ताण पडला किंवा मुळाशी पाणी साचलं की झाडातल्या संजीवकांचा तोल बिघडतो आणि डाग नसलेली फळंही देठातून सुटतात. या गळीसाठी 100 लिटर पाण्यात जिबरेलिक अॅसिड किंवा 2,4-डी दीड ग्रॅम आणि युरिया एक किलो ही फवारणी नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या सल्ल्यात नेहमी असते. दुसरी गळ बुरशीची. फळ देठाकडून काळं पडत जातं. तिसरी गळ रस शोषणाऱ्या पतंगाची. तो अंधार पडल्यावर येतो, फळात सोंड खुपसतो आणि टाचणीच्या टोकाएवढं भोक ठेवून जातो. असं फळ दाबलं की त्या भोकातून रसाची चिळकांडी उडते. या पतंगाच्या अळ्या बांधावरच्या गुळवेल, वासनवेलीसारख्या वेलींवर वाढतात. त्या बागवाल्याने दीड ग्रॅमची फवारणी कितीही मन लावून केली तरी पतंगाला त्याचं काही नाही.

आता समजा, याच तालुक्यातला एखादा कृषी पदवीधर तरुण यावर आठ मिनिटांचा व्हिडिओ करतो. गळलेलं फळ हातात घेऊन कारण कसं ओळखायचं हे त्यात आहे, आणि प्रत्येक कारणावर काय करायचं हेही थोडक्यात आहे. शीर्षक काय द्यावं?

पहिलं सुचतं ते ‘संत्रा फळगळ: कारणे आणि उपाय’. यात खोटं काहीच नाही, पण उघडावंसं वाटेल असंही काही नाही, कारण अशीच शीर्षकं आधीपासून डझनावारी पडलेली आहेत. प्रामाणिक माणसाचे व्हिडिओ मागे पडतात ते बहुधा इथेच. खोटं बोलायचं नाही म्हणून तो काहीच सांगत नाही. दुसरं सुचतं ते ‘ही चूक केली तर बाग संपली!’ याने बोट थांबतं, पण व्हिडिओत बाग संपवणारी चूक कुठेच नाही.

तिसरी वाट विषयाच्या आतच असते. त्या आठ मिनिटांत पाहणाऱ्याला आधी ठाऊक नसलेली नेमकी गोष्ट कोणती? फळ कुठे दुखावलंय हे पाहिलं की कारण कळतं, ही. मग शीर्षक होतं: ‘देठ काळा की फळाला भोक? आंबिया बहाराची गळ ओळखा’.

या शीर्षकाने केलेली कामं नीट पाहण्यासारखी आहेत. समोर फळ पडलेलं असताना पहिला प्रश्न वाचला की माणूस ते फळ उचलून पाहतोच. अमेरिकी अभ्यासक जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी 1994 मध्ये कुतूहलाविषयी मांडणी केली, ती अशीच आहे. आपल्याला जेवढं माहीत आहे आणि जेवढं माहीत करून घ्यायचं आहे त्यांच्यामधली फट दिसली की माणूस अस्वस्थ होतो. इथे ती फट खरी आहे. भोक दिसतं, ते कोणी पाडलं ते माहीत नाही. ‘आंबिया’ या शब्दाने मृगवाल्याला आधीच बाजूला केलं. त्याने उघडून अर्ध्या मिनिटात बंद करण्यापेक्षा ते बरं. आणि शेवटचं क्रियापद ‘थांबवा’ नाही, ‘ओळखा’ आहे. शीर्षकात खोटं शिरतं ते बहुतेकदा क्रियापदातून. आठ मिनिटांत ओळखणं शिकवता येतं, थांबवणं बागेत होतं.

प्रश्नार्थक शीर्षक आपल्याकडे काही नवं नाही. 1897 मध्ये ‘केसरी’त टिळकांनी ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असं विचारलं, तेव्हा खाली अग्रलेखात त्या प्रश्नाला भिडणारा मजकूर होता. प्रश्न विचारून पळून जाणारं शीर्षक वेगळं.

मराठी लिहिणाऱ्यांना एक अडचण जास्तीची आहे. यूट्यूबच्या शीर्षकाला 100 अक्षरांची मर्यादा असते, पण तिथे काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘संत्र्याची’ हा शब्द बोलताना तीन अक्षरांचा, मोजणीत दहाचा. त्यात मोबाइलवर लांब शीर्षकाची शेपटी कापून तिथे टिंबं येतात. वरचं शीर्षक 45 मध्ये बसतं आणि त्यातली पहिली 22 वाचली तरी काम होतं. ‘नमस्कार शेतकरी मित्रांनो’ने सुरुवात केली तर नेमकी गोष्ट टिंबांच्या पलीकडे जाते.

चित्राकडे वळलं की आधी त्या केशरी झाडाचा हिशेब करावा लागतो. सप्टेंबरात वरूडच्या आंबियाचं फळ हिरवं असतं. त्या महिन्यातल्या व्हिडिओवर पिकल्या संत्र्यांचं झाड लावणं म्हणजे चित्रातून खोटं बोलणं आहे, आणि बागवाल्याला ते एका नजरेत कळतं. खरं चित्र तिथेच झाडाखाली पडलेलं आहे. तळहातावर दोन हिरवी फळं घ्यायची, एकाचा काळा पडलेला देठ वर, दुसऱ्याचं भोक वर. चिखलाचे डाग राहू द्यावेत.

पण टाचणीएवढं भोक चित्रात दिसणार कसं? थंबनेल 1280 गुणिले 720 पिक्सेलचं बनवतात खरं, पण मोबाइलच्या यादीत ते काडेपेटीएवढं उरतं. अख्खा तळहात घेतला तर भोक हरवतं. म्हणून कॅमेरा जवळ न्यावा लागतो, दोन फळांनीच चौकट भरली पाहिजे. फळ हलकं दाबून भोकावर रसाचा थेंब आणला आणि तो उन्हात चमकला, की खूण ठळक होते. तिथे लाल वर्तुळ काढायलाही हरकत नाही. वर्तुळाच्या आत खरंच काही असेल तर ते बोट दाखवण्यासारखंच आहे. शब्द दोनच: ‘पतंग? बुरशी?’ शीर्षकातलं वाक्य चित्रावर पुन्हा छापणं म्हणजे जागा वाया घालवणं. उजवा खालचा कोपरा मोकळा सोडायचा, कारण तिथे व्हिडिओची लांबी छापली जाते आणि खालचा मजकूर झाकला जातो. तयार झालं की ते मोबाइलवर घेऊन भर उन्हात, हात लांब करून पाहायचं. बागवाला ते तसंच पाहणार आहे.

मग पहिलं अर्धं मिनिट. चित्रात दाखवलेली तीच दोन फळं व्हिडिओ सुरू होताच हातात दिसली पाहिजेत. यूट्यूब स्टुडिओत, प्रेक्षक कुठपर्यंत थांबले याचा जो आलेख असतो, त्यात पहिल्या 30 सेकंदांचा हिशेब वेगळा दिसतो. चित्र पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांनी व्हिडिओ उघडला आणि या अर्ध्या मिनिटातच आलेख कड्यावरून कोसळावा तसा खाली आला, तर शीर्षकाने दिलेला शब्द मोडला आहे. उलट उघडणारे थोडे, पण आलेले बहुतेक शेवटपर्यंत थांबले, तर व्हिडिओ चांगला आहे आणि शीर्षक त्याला लपवून ठेवतंय. हे दुसरं दुखणं शीर्षक-चित्र बदलून बरं होतं. पहिल्यासाठी एकतर वचन खाली आणावं लागतं किंवा व्हिडिओ नव्याने कापावा लागतो.

उघडणाऱ्यांचा टक्का पाहून मात्र लगेच हुरळू नये, खचूही नये. यूट्यूबच्याच माहितीप्रमाणे निम्म्या व्हिडिओंचा हा टक्का 2 ते 10 च्या दरम्यान असतो. चित्र 200 वेळा दिसून दहा जणांनी उघडलं तर पाच टक्के होतात, पण दहा माणसांवरून काही ठरत नाही. शिवाय आधी ओळखीच्या प्रेक्षकांना दिसणारा व्हिडिओ नंतर अनोळखी लोकांपुढे जातो, तेव्हा हा टक्का उतरतोच. एकाच व्हिडिओला तीन थंबनेल लावून तपासायची सोयही आता आहे. तिच्यात विजेता ठरतो तो पाहिल्या गेलेल्या वेळेच्या वाट्यावर, नुसत्या क्लिकवर नाही. तालुक्यापुरत्या छोट्या चॅनेलला तिथून स्पष्ट उत्तर मिळेलच असं नाही. त्यापेक्षा दोन चित्रं चार बागवाल्यांना दाखवून ‘यात काय असंन असं वाटते?’ एवढंच विचारावं. त्यांनी सांगितलेलं व्हिडिओत असेल तर चित्र बरोबर आहे.

बाहेरची हवाही बदलते आहे. डिसेंबर 2024 मध्ये यूट्यूबने भारतासाठीच जाहीर केलं की शीर्षक किंवा थंबनेल जे सांगतं ते व्हिडिओत नसेल, तर अशा ढळढळीत फसवणुकीवर कडक कारवाई होईल, विशेषतः ताज्या बातम्या आणि चालू घडामोडींच्या बाबतीत. न झालेल्या कर्जमाफीची घोषणा करणारी शीर्षकं या व्याख्येत सरळ बसतात. फळगळीची ‘100% बंद’वाली मंडळी मात्र बहुधा अशा चाळणीतून सुटतील, कारण तिथे खोटं पकडायला संत्र्याची माहिती लागते. ती माहिती वरूडच्या माणसाकडे आहे, आणि शीर्षक लिहिताना तीच त्याची खरी पुंजी आहे.

व्हिडिओ चढवला की काम संपत नाही. प्रामाणिक शीर्षकही शिळं होतं. ‘आजचे संत्रा भाव’ हे शब्द त्या दिवशी खरे असतात, आठवड्यानंतर तेच कोणाला तरी बाजारात चुकीच्या अपेक्षेने पाठवतात. तिथे तारीख हवीच. फळगळीच्या व्हिडिओचंही तसंच. नोव्हेंबरात आंबियाची तोडणी सुरू झाली की ‘आत्ता ओळखा’सारखे शब्द खोटे पडतात. यूट्यूबवर शीर्षक आणि चित्र नंतरही कधीही बदलता येतं. त्या तरुणाने तोडणीनंतर एकदा स्टुडिओ उघडून शीर्षकाच्या शेवटी ‘ऑगस्ट-सप्टेंबर’ एवढे दोन शब्द जोडावेत. पुढच्या भाद्रपदात पुन्हा फळांचा सडा पडेल, तेव्हा कोणीतरी तेच शोधत येईल.