डबीवरच्या नावामागची नोंदवही

सप्टेंबर 2022 मध्ये एक बातमी घरोघरी पोचली होती, ती तुम्हाला आठवत असेल. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने जॉन्सन्स बेबी पावडर बनवण्याचा मुलुंडच्या कारखान्याचा परवाना रद्द केला. कित्येक बाळंतिणींच्या घरात ती डबी तेव्हा फळीवर होती. ती ठेवायची की फेकायची, असा प्रश्न पडला, आणि बातमीतून त्याचं उत्तर मिळत नव्हतं. अशा वेळी कंपनीविषयी निघालेल्या सरकारी सूचना स्वतः कशा शोधायच्या आणि कशा वाचायच्या, ते आज याच डबीच्या आधाराने पाहू.

पहिलं काम हातातल्या वस्तूवर. डबी किंवा गोळ्यांची पट्टी उलटून बघा. तिथे Batch No. किंवा B. No. असं लिहून पुढे आकडे-अक्षरं असतात. एका वेळी एकत्र बनवलेल्या मालाचा तो क्रमांक. सरकारी सूचना बहुतेक वेळा अख्ख्या कंपनीविरुद्ध नसते, या एका बॅचविरुद्ध असते. त्याच्या आसपास Mfg. by लिहिलेलं असतं, म्हणजे माल प्रत्यक्षात कुठल्या कारखान्यात बनला ते. आणि बऱ्याचदा Marketed by म्हणून दुसरंच नाव असतं, ती माल विकणारी कंपनी. जाहिरातीत आपण जे नाव ऐकतो ते विकणाऱ्याचं. कॅल्शियमच्या शेलकॅल गोळ्यांची जाहिरात-विक्री टॉरेंटची, पण ऑगस्ट 2024 च्या सरकारी यादीत त्या गोळीच्या एका बॅचपुढे बनवणारा म्हणून उत्तराखंडच्या प्युअर अँड क्युअर या कारखान्याचं नाव होतं. नुसतं टॉरेंट शोधणारीला ती ओळ सापडली नसती. म्हणून दोन्ही नावं लिहून घ्या.

इथे एक अडचण आपल्याकडे नेहमीची. मेडिकलवाला पट्टी कापून चारच गोळ्या देतो आणि बॅच नंबर दुसऱ्या तुकड्यावर राहतो. तेव्हा उरलेल्या तुकड्याचा फोटो तिथेच काढून घ्यावा, किंवा बिलावर बॅच नंबर लिहून मागावा. तो नंबर हाती नसेल तर पुढचं काहीच करता येत नाही.

आता यादी. औषधांवर देखरेख करणारी केंद्र सरकारची संस्था आहे, तिची वेबसाइट cdsco.gov.in. तिथे Notifications मध्ये Alerts असा भाग आहे. दर महिन्याला तिथे एक यादी येते, आणि तिच्यात औषधांबरोबर वैद्यकीय साधनं आणि पावडर-क्रीमसारखी सौंदर्यप्रसाधनंही धरलेली असतात. प्रत्येक ओळीत मालाचं नाव, बॅच, बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, कारखान्याचं नाव आणि नमुना का नापास झाला त्याचं कारण असतं. महिन्यागणिक वेगळी फाइल असल्यामुळे एका कंपनीचा माग काढायचा तर एकेक फाइल उघडून शोध घ्यावा लागतो. शोधताना नावातला एकच ठळक शब्द टाका. पूर्ण नाव टाकलं की एखादा ठिपका किंवा स्पेलिंग चुकलं तरी काही सापडत नाही. सगळ्या फाइलींवर एकदम नजर टाकायची असेल तर गूगलमध्ये असं लिहावं, नाव मात्र आपल्याला हवं ते:

```
site:cdsco.gov.in Johnson NSQ
```

NSQ ही तीन अक्षरं म्हणजे ठरलेल्या दर्जाचा नाही असा शेरा. त्याच्या पुढचं कारण मात्र नीट वाचायला हवं, कारण सगळे दोष सारखे नसतात. Dissolution म्हणजे गोळी ठरलेल्या वेळात विरघळत नाही. Assay म्हणजे गोळीत औषधाचं प्रमाण ठरल्याप्रमाणे नाही. Sterility म्हणजे इंजेक्शन किंवा डोळ्याचे थेंब निर्जंतुक असायला हवे होते, तसे नाहीत. पहिल्या दोन दोषांमुळे औषधाचा गुण कमी-जास्त येतो, तिसऱ्यामुळे थेट जंतुसंसर्ग होऊ शकतो. Spurious हा शब्द दिसला तर अर्थ आणखी वेगळा. तो माल बनावट असल्याचा संशय असतो, म्हणजे दुसऱ्याच कुणीतरी कंपनीचं नाव वापरलेलं असू शकतं. शेलकॅलच्या वेळी टॉरेंटने हेच सांगितलं, की पकडलेल्या गोळ्या आमच्या नव्हेत, बनावट आहेत. त्यामुळे एखाद्या ओळीचा दोष कंपनीच्या पदरात टाकण्याआधी शेऱ्याचा रकाना आणि कंपनीचं म्हणणं, दोन्ही बघावं.

आता पावडरीकडे येऊ. राज्य प्रशासनाने नमुने घेतले होते ते पुणे आणि नाशिकमधून, म्हणजे आपल्या शेजारच्याच दोन जिल्ह्यांतून. बाळाच्या पावडरीसाठी भारतीय मानकात पीएच किती असावा ते ठरलेलं आहे. पीएच म्हणजे आम्लता आणि क्षार यांचं माप. नमुने त्या कसोटीला उतरले नाहीत, अशा पावडरीने तान्ह्या बाळाच्या त्वचेवर परिणाम होऊ शकतो, असं प्रशासनाचं म्हणणं. सप्टेंबरमध्ये आधी परवाना रद्द झाला, आणि पाच दिवसांनी उत्पादन आणि विक्री ताबडतोब थांबवण्याचा दुसरा आदेश निघाला. कंपनीला तपासणीचा अहवाल मान्य नव्हता, म्हणून ती मुंबई उच्च न्यायालयात गेली.

बहुतेकांची बातमी इथेच संपली. नोंद मात्र पुढे चालू राहिली. नोव्हेंबर 2022 मध्ये न्यायालयाने नवे नमुने घेऊन तीन प्रयोगशाळांत तपासायला सांगितले, दोन सरकारी आणि एक खासगी. तोवर कंपनीने पावडर बनवावी पण विकू नये, असं ठरलं. नव्या तपासणीत नमुने मानकात बसले. मूळ नमुना 2018 चा होता आणि कारवाई 2022 मध्ये झाली, या दिरंगाईवर न्यायालयाने कडक बोट ठेवलं, आणि 11 जानेवारी 2023 रोजी आदेश रद्द केले. मुंगी मारायला हातोडा कशाला, या अर्थाचं न्यायालयाचं वाक्य तेव्हा गाजलं.

म्हणजे सप्टेंबरची सूचनाच वाचलेल्या बाईला ही कंपनी गुन्हेगार वाटेल, आणि जानेवारीचा निकालच वाचलेलीला काही घडलंच नाही असं वाटेल. दोघींचंही चित्र अर्धवट. म्हणून वहीत एका पानावर तारखेप्रमाणे लिहावं: सूचना कधी निघाली, कुणी काढली, कुठली बॅच, दोष काय, कंपनी काय म्हणाली, शेवटी काय झालं. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर तो रिकामाच ठेवावा, अंदाजाने भरू नये.

याच पानावर परदेशातली एक नोंद येते. कंपनी बऱ्याच देशांत माल विकत असेल तर नावापुढे recall हा शब्द लिहून शोधावं, आणि उत्तरांतलं सरकारी पान उघडावं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचं पान fda.gov वर आहे. तिथे सापडतं की ऑक्टोबर 2019 मध्ये या कंपनीने बेबी पावडरीची एक बॅच, सुमारे 33 हजार डब्या, बाजारातून परत बोलावली. एका डबीत ॲस्बेस्टॉसचा अत्यल्प अंश सरकारी तपासणीत आढळला होता. कंपनीने नंतर स्वतः करवलेल्या चाचण्यांत तो आढळला नाही असं जाहीर केलं. सरकारी प्रशासन आपल्या निष्कर्षावर ठाम राहिलं. मे 2020 मध्ये कंपनीने अमेरिका आणि कॅनडात शंखजिऱ्याची, म्हणजे टाल्कची, पावडर विकणं थांबवायचं जाहीर केलं, आणि ऑगस्ट 2022 मध्ये सांगितलं की 2023 पासून जगभर मक्याच्या स्टार्चची पावडर येईल.

या नोंदी एकमेकींत सहज मिसळतात. पण अमेरिकेतली तक्रार टाल्कमधल्या भेसळीची होती आणि महाराष्ट्रातली पीएचची. पुणे-नाशिकच्या नमुन्यांत ॲस्बेस्टॉस सापडलं, असं कुठल्याच सूचनेत नव्हतं. दोष वेगळे, देश वेगळे, बॅचही वेगळ्या. वहीत त्या दोन स्वतंत्र ओळी राहायला हव्यात.

मग ओळी मोजून काय ठरवायचं? हजारो बॅच बनवणाऱ्या मोठ्या कंपनीची एखादी बॅच यादीत येणं, आणि छोट्या कारखान्याच्या चार गोळ्या वर्षभरात त्याच दोषाने येणं, यांत फरक आहे. एकाच कारखान्यात तोच दोष पुन्हा दिसतो का, आणि सूचना निघाल्यावर कंपनीने माल स्वतःहून परत घेतला की आदेशाची वाट पाहिली, या दोन गोष्टींवरून कंपनीची चाल कळते.

आणि यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही. नमुना उचलला, तपासला, तरच नाव येतं. ऑक्टोबर 2025 मधलं कोल्ड्रिफ खोकल्याचं औषध घ्या. मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे मुलं दगावली, त्यानंतर तामिळनाडूच्या प्रयोगशाळेने एसआर-13 या बॅचमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारं विष 48.6 टक्के असल्याचं सांगितलं. 5 ऑक्टोबरला महाराष्ट्रानेही सावधगिरीची सूचना काढली. त्या आधी यादी चाळणाऱ्या आईला या बॅचविषयी काहीच सापडलं नसतं. लहान मुलाला सर्दी-खोकल्याचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये हा नियम म्हणूनच यादीच्या आधी येतो.

तुमच्याकडच्या वस्तूचा बॅच नंबर सूचनेशी जुळला, तर वापर थांबवा, पण वस्तू फेकू नका. बिलासकट बाजूला ठेवा, दुकानदाराला कळवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या 1800 222 365 या मोफत क्रमांकावर सांगा. अहिल्यानगर शहरात प्रशासनाचं जिल्हा कार्यालय आहे, तिथे लेखी तक्रार देता येते. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी असेल तर ती मनाने बंद करू नका. डॉक्टरांना दाखवून त्याच औषधाची दुसरी बॅच घ्या, कारण नापास झालेली असते ती बॅच, औषध नव्हे.