परिपाठातलं भाषण : पेणकर, रोहेकर आणि रंगाचा शिक्का

या भागाचं हे लिखित रूप. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर, पण गेल्या आठवड्यात भाचीने वेगळंच काम दिलं. तिला शाळेत परिपाठाला तीन मिनिटं बोलायचं होतं. विषय होता, रंग आणि समाज कुठलाही असो, वर्गमित्रांचा मान राखा. आता "आपण सगळे समान" एवढंच म्हटलं की मुलं जांभया द्यायला लागतात. म्हणून आम्ही इथलीच, पेण-रोह्याची गोष्ट निवडली.

या पट्ट्यात बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, शेकडो वर्षं राहिले. ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. आडनावंही गावांवरून पडली. पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर.

पण याच समाजात 'गोरे' आणि 'काळे' असे दोन गट होते. नाव रंगाचं, प्रश्न मात्र वंशाचा. ज्यांच्या घराण्यात आई समाजाबाहेरची होती, ते 'काळे'. गोरे त्यांच्याशी सोयरीक करत नसत. म्हणजे एखादा सावळा माणूसही 'गोरा' ठरू शकत होता!

१९४८ नंतर यातले बरेच जण इस्राएलला गेले. तिथे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य धर्मपीठाने सांगितलं, इतर ज्यूंशी लग्न करायचं तर या लोकांच्या आई-आजीचा वंश आधी तपासा. कालपर्यंत जो प्रश्न ते आपल्यातल्या 'काळ्यां'ना विचारत होते, तोच आता सगळ्यांना विचारला गेला. त्यांनी आंदोलन केलं. १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं आणि धर्मपीठाला आदेशातून त्यांचं नाव काढावं लागलं.

भाचीच्या भाषणाचा शेवट असा झाला: "गोरा-काळा हा शिक्का कातडी बघून मारला नव्हता. आधी माणसाला बाजूला काढायचं ठरलं, रंगाचं नाव नंतर आलं. आपण कुणाला 'ए काळ्या' म्हणतो, तेव्हा आपणही तेच करतो. म्हणून आजपासून हाक नावानेच."

एक खबरदारी घ्या. वर्गातल्या आदिवासी किंवा परप्रांतीय मुलाला उदाहरण म्हणून उभं करू नका. भाषण चालू असताना सगळ्यांच्या माना एकाच मुलाकडे वळल्या, तर समजा भाषण फसलं. इथे जुनी गोष्ट कामाला येते, कारण तिच्यातलं कुणीच त्या रांगेत उभं नसतं. भाषण जमलं की नाही, ते मधल्या सुट्टीत कळतं. टोपणनावाची हाक आली आणि दुसऱ्याच एखाद्या मुलाने "नावाने बोलव ना" म्हटलं, तर जमलं.