चेहरा डावा, अंग उजवे

अंघोळीचे गरम पाणी डाव्या हाताला चटका देते, उजव्या हाताला मात्र कोमट वाटते. चेहऱ्यावर नेमके उलटे: टाचणी उजव्या गालाला टोचते, डाव्या गालाला तिचा नुसता स्पर्श कळतो. रुग्णाला गरगरते, आवाज घोगरा झालेला असतो, पाण्याचा घोट घेताच ठसका लागतो आणि चालताना तोल डावीकडे जातो. हातापायांतली ताकद मात्र शाबूत असते.

मोठ्या मेंदूच्या एका बाजूला पक्षाघाताचा झटका आला, तर चेहरा आणि हातपाय सहसा एकाच बाजूचे दुबळे होतात. बिघाड चेहऱ्याच्या एका आणि अंगाच्या दुसऱ्या बाजूला विभागलेला दिसला, की न्यूरॉलॉजिस्टचे लक्ष मस्तिष्कस्तंभाकडे जाते. मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा हा भाग जेमतेम अंगठ्याएवढा जाड असतो.

हे कोडे सुटते ते मज्जातंतूंच्या वाटांवरून. हातापायांतून वेदना आणि तापमानाची जाणीव नेणारे तंतू मज्जारज्जूत शिरले की लगेच बाजू बदलतात आणि वर चढतात. म्हणजे उजव्या अंगाची वाट मस्तिष्कस्तंभाच्या डाव्या बाजूने जाते. चेहऱ्याचे तंतू मात्र आधी आपल्याच बाजूने खाली उतरतात आणि मग पलीकडे जातात. मस्तिष्कस्तंभाच्या तळाशी, लंबमज्जेच्या डाव्या कडेला, डाव्या चेहऱ्याची आणि उजव्या अंगाची वाट शेजारी-शेजारी येते. तिथला रक्तपुरवठा तुटला की दोन्ही एकदम बंद पडतात. गिळण्याचे आणि स्वरयंत्राचे केंद्रही तिथेच आहे. हातापायांना हुकूम नेणारे तंतू मात्र लंबमज्जेच्या पुढच्या भागात असल्याने बचावतात.

जर्मन डॉक्टर अडॉल्फ वॉलेनबर्ग यांनी 1895 मध्ये अशाच एका रुग्णाच्या लक्षणांवरून बिघाडाची जागा आणि तुंबलेली धमनी यांचा अंदाज बांधला. स्कॅनची सोय तेव्हा नव्हतीच. रुग्णाच्या मृत्यूनंतर झालेल्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष त्यांनी 1901 मध्ये मांडले आणि अंदाज खरा ठरला. आज हा विकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

बिघाड किती उंचीवर आहे, हे चेहऱ्याच्या नसा सांगतात. डावी पापणी मिटलेली, डावा डोळा बाहेर वळलेला आणि उजवे हातपाय लुळे असतील, तर बिघाड मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या टोकाशी असतो. कपाळासकट डावा चेहरा लुळा आणि उजवे हातपाय दुबळे असतील, तर तो मधल्या भागात.

प्रत्यक्षात सगळी लक्षणे एकत्र दिसतीलच असे नाही. वाकडे तोंड, लुळा हात आणि अडखळती वाचा एवढेच तपासले, तर गरगरणारा रुग्ण पित्ताची गोळी देऊन घरी पाठवला जाण्याची भीती असते. पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयसुद्धा निर्दोष येऊ शकतो. म्हणून टाचणी चेहऱ्यावर आणि अंगावर, दोन्हीकडे लावून पाहावी लागते. अशा रुग्णाला गिळता येते का, हे तपासल्याशिवाय तोंडाने पाणीही देत नाहीत. ते श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो.