चार सेंटिमीटर बर्फ, सहा मिनिटं

टेबल टेनिसच्या चेंडूएवढा, म्हणजे 4 सेंटिमीटर व्यासाचा, बर्फाचा भरीव गोळा घ्या. (चौपाटीवर काडीला लावून मिळतो तो नव्हे, तो किसलेला असतो आणि त्याचं गणित वेगळं.) दहा लिटरच्या बादलीत 30 अंश सेल्सिअसचं पाणी आहे. गोळा त्यात पूर्ण बुडवून धरला, पाणी अजिबात ढवळलं नाही, तर तो किती वेळात वितळेल? एक मिनिट? दहा? अर्धा तास? पुढे वाचण्याआधी एक आकडा मनाशी धरून ठेवा.

आधी उष्णतेचा हिशेब. या गोळ्याचं वजन साधारण 31 ग्रॅम भरतं. शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ शून्य अंशाच्याच पाण्यात बदलायला 80 कॅलरी लागतात, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. हाच वितळणाचा अप्रकट उष्मा. ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅकने 1760च्या दशकाच्या सुरुवातीला तो ओळखला: वितळता बर्फ उष्णता घेत राहतो, पण त्याचं तापमान तसूभरही वर सरकत नाही. म्हणजे आपल्या गोळ्याला एकूण सुमारे 2,500 कॅलरी, म्हणजेच साडेदहा हजार ज्यूलच्या आतबाहेर उष्णता हवी. बादलीच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ आहे. सगळा गोळा वितळला तरी पाणी जेमतेम एक-तृतीयांश अंशाने गार होतं. म्हणून पाण्याचं तापमान 30 अंशांवर स्थिर धरायला हरकत नाही. हाच गोळा 200 मिलिलीटरच्या पेल्यात टाकला असता, तर शेवटी पाणी 15 अंशांच्या आसपास आलं असतं आणि वितळण्याचा वेग वाटेतच मंदावला असता. बादली घेतली ती त्यासाठी.

उष्णता किती हवी ते कळलं. ती किती वेगाने पोचते हे कळलं, की वेळ हाती येतो. ब्लॅकचं निरीक्षण इथे दुसऱ्यांदा कामी येतं. गोळ्याचा पृष्ठभाग वितळत असेपर्यंत शून्य अंशावर खिळलेला आहे आणि बाहेरचं पाणी तिसावर. फरक कायम 30 अंशांचा. पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे, दर सेकंदाला किती ज्यूल उष्णता पाण्यातून बर्फात जाते, त्या आकड्याला अभिसरण गुणांक म्हणतात. तो h या अक्षराने लिहितात.

आता गोळा कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यांचा आहे असं समजा. बाहेरचा पापुद्रा वितळायला लागणारी उष्णता त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. त्याला मिळणारी उष्णताही त्याच क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. दोन्हीकडचं क्षेत्रफळ एकमेकांना उडवून लावतं आणि मोठी गंमत उरते: गोळा मोठा असो की लहान, h तोच राहिला तर त्रिज्या सारख्याच वेगाने कमी होते. मग एकूण वेळ म्हणजे त्रिज्या भागिले तो वेग:

t = ρLR / (hΔT)

ρ ही बर्फाची घनता, दर घनमीटरला 917 किलो. L हा अप्रकट उष्मा, दर किलोला 3,34,000 ज्यूल. R म्हणजे 0.02 मीटर आणि ΔT म्हणजे 30 अंश. हे चारही आकडे कुठल्याही तक्त्यात किंवा मोजपट्टी-थर्मामीटरवर मिळतात. खरा प्रश्न h चा आहे. पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यात द्रवांच्या नैसर्गिक अभिसरणासाठी h ची किंमत 50 ते 1,000 अशी दिलेली असते. यातला कुठलाही आकडा उचलला, तर उत्तर तीन मिनिटांपासून तासाभरापर्यंत कुठेही जाऊ शकतं. असा तक्ता असून नसल्यासारखाच.

पाणी ढवळलं नाही तरी ते स्वस्थ बसलेलं नसतं. गोळ्याला चिकटून असलेलं पाणी गार होतं, गार पाणी 30 अंशांच्या पाण्यापेक्षा जड असतं, त्यामुळे ते गोळ्याच्या अंगावरून खाली ओघळतं आणि त्याची जागा कोमट पाणी घेतं. जड-हलक्यातला फरक हजारात चारच आहे, पण तेवढा पुरतो. या ओघळण्याचा जोर, पाण्याची स्निग्धता आणि गोळ्याचा व्यास यांची सांगड घालून गोलासाठी h काढण्याचं एक सूत्र अमेरिकी रासायनिक अभियंते स्टुअर्ट चर्चिल यांनी 1983 मध्ये दिलं. त्यात आपले आकडे घातले की h येतो साधारण 550. वरच्या सूत्रात तो बसवला, की उत्तर 370 सेकंद. सहा मिनिटांना थोडं वर. त्रिज्या मिनिटाला सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास झिजते.

550 या आकड्यातून डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही, म्हणून तो उलटा वाचून पाहा. पाण्याची उष्णतावाहकता 0.59 आहे. तिला 550ने भागलं की एक मिलिमीटर येतं. म्हणजे बर्फ आणि बादली यांच्यामध्ये जणू एक मिलिमीटर जाडीचा, न हलणाऱ्या पाण्याचा पडदा आहे आणि सगळा अडथळा त्या पडद्याचाच. पाणी ढवळलं की पडदा पातळ होतो. सेकंदाला 20 सेंटिमीटर वेगाने पाणी गोळ्यावरून जाऊ दिलं तर h तिपटीने वाढून 1,700च्या घरात जातो आणि गोळा दीड ते दोन मिनिटांत संपतो. उलट, पाणी खरोखरच निश्चल असतं, उष्णता फक्त वहनाने झिरपत असती, तर याच गोळ्याला जवळपास तास लागला असता. पृथ्वीवर ते साधत नाही. अंतराळ स्थानकात गार पाणी खाली ओघळत नाही, कारण तिथे खालीच नाही. तिथे हा तासाचा आकडा जवळचा ठरेल.

तर सहा मिनिटं. पण या उत्तरात दोन गोष्टी गाळलेल्या आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढतात. गोळा लहान होतो तसा त्याच्यावरचा पाण्याचा पडदाही पातळ होतो, कारण ओघळणाऱ्या पाण्याला जाड व्हायला कमी अंतर मिळतं. म्हणून h कायम न राहता वाढत जातो आणि एकूण वेळ साधारण एक-पंचमांशाने घटतो. पाच मिनिटं. दुसरीकडे, बर्फातून सुटणारं शून्य अंशाचं पाणी त्या पडद्यातच मिसळतं आणि त्यालाही तापवावं लागतं. येणारी थोडी उष्णता त्यावर खर्च होते आणि वितळणं दहा-पंधरा टक्क्यांनी मंदावतं. दोन्ही धरले की उत्तर पावणेसहा मिनिटांवर येतं. पहिलं ढोबळ उत्तर इतकं जवळ निघालं ते सूत्राच्या थोरवीने नव्हे, दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या म्हणून.

घरी करून पाहायचं तर काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. फ्रीझरमधला बर्फ शून्याचा नसतो. उणे 18 अंशांचा असेल तर तो आधी शून्यापर्यंत आणायलाच अकरा टक्के जादा उष्णता लागते, आणि पाण्यात टाकल्याबरोबर सुरुवातीला त्यावर पाण्याचा एक पातळ थर गोठतोसुद्धा. म्हणून गोळा बाहेर काढून, अंग ओलसर चमकू लागेपर्यंत थांबावं. त्याहून मोठी अडचण तरंगण्याची. मोकळ्या सोडलेल्या गोळ्याचं फक्त आठ टक्के आकारमान पाण्याबाहेर राहतं, पण पृष्ठभाग मात्र सतरा टक्के उघडा पडतो, आणि हवेकडून मिळणारी उष्णता पाण्याच्या मानाने नगण्य असते. गोठवतानाच आत बारीक बांबूची काडी बसवली तर गोळा पाण्याखाली धरता येतो.

आणि घड्याळ गोळा दिसेनासा होण्यावर लावू नये. शेवटचा कण कधी गेला हे सांगता येत नाही. शेवटी तो वेडावाकडाही झालेला असतो, कारण ताजं कोमट पाणी पहिल्यांदा भिडतं ती वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा लवकर झिजते. त्यापेक्षा दर मिनिटाला क्षणभर बाहेर काढून, फडक्याने टिपून, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करावं. काडीचं वजन वजा करून उरलेल्या आकड्याचं घनमूळ काढलं की ते त्रिज्येच्या प्रमाणात असतं. वेळेसमोर ते आलेखावर मांडलं आणि बिंदू सरळ रेषेत आले, तर h कायम आहे. रेषा शेवटाकडे जास्त उतरती झाली, तर h वाढतो आहे. फरक काट्यावर दिसण्याइतका आहे. h कायम असता तर निम्म्या वेळेला त्रिज्या निम्मी, म्हणजे वजन एक-अष्टमांश, चार ग्रॅम उरलं असतं. वाढत्या h च्या हिशेबाने मात्र ते सहा ग्रॅमच्या जवळ असायला हवं, कारण सुरुवातीचा वेग कमी आणि शेवटचा जास्त. रेषेच्या उतारावरून h उलटा काढता येतो, आणि प्रयोगशाळेतही तो बऱ्याचदा असाच काढतात.

हे सगळं 30 अंशांच्या पाण्यात. बादली गार करत नेली की गणिताचा पायाच हलतो. दहावीच्या पुस्तकात होपच्या उपकरणासोबत पाण्याचं असंगत आचरण शिकवतात: पाणी सर्वांत जड 4 अंशांना असतं. त्यामुळे शून्य अंशाचं पाणी आणि 8 अंशांचं पाणी यांची घनता जवळजवळ सारखी. बादली 8 अंशांच्या बरीच वर असेल तर वितळलेलं पाणी खाली जातं. ती 4 अंशांवर असेल तर तेच पाणी भोवतालपेक्षा हलकं ठरून वर चढतं. या दोहोंच्या मध्ये पडद्याचा आतला भाग वर जाऊ पाहतो, बाहेरचा खाली, आणि अभिसरण लटकं पडतं. नेदरलँड्समधल्या ड्युमोरे, मर्क आणि प्रिन्स यांनी 1953 मध्ये बर्फाच्या गोळ्यांवर हेच तपासलं. h सर्वांत कमी होण्याची जागा त्यांना 4 अंशांवर नव्हे, तर 5च्या आसपास मिळाली.

सूत्रात ΔT 30 ऐवजी 5 घातला आणि h 550च ठेवला, तर 37 मिनिटं येतात. हा आकडा फार आशावादी आहे, कारण h कोसळलेला असतो. अभिसरण पूर्ण थांबलं तर सहा तास, ही दुसरी टोकाची मर्यादा. खरं उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. 2022 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा गार पाण्यात बर्फाचे उभे दंडगोल वितळवून त्यांचे आकार टिपले. सुमारे 5 अंशांच्या खाली बर्फाला खाली टोक आलं, 7च्या वर टोक वरच्या दिशेला गेलं. मधल्या पट्ट्यात वर आणि खाली जाणारे प्रवाह एकमेकांत गुंतून भोवरे झाले आणि त्यांनी बर्फाच्या अंगावर लाटांसारखे खळगे कोरले. अशा तुकड्याला एकच त्रिज्या नसते, पृष्ठभागावर जागोजागी h वेगळा असतो, आणि मग कागद-पेन्सिल बाजूला ठेवून प्रवाहाची समीकरणं संगणकावर सोडवावी लागतात.